टाचदुखीचे दहा महिने: व्यायाम, इंजेक्शन आणि शॉकवेव्ह

साताऱ्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवते. फेब्रुवारी २०२४ मध्ये बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा सुरू झाल्या आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत प्रयोगशाळेच्या शहाबादी फरशीवर उभे राहणे हा नित्यक्रम झाला. त्याच सुमारास उजवी टाच दुखू लागली. सकाळी पलंगावरून उतरून पहिले पाऊल टेकले की टाचेखाली, किंचित आतल्या बाजूला, तीव्र कळ यायची. मोरीपर्यंत लंगडत गेले की ती ओसरायची. दुपारी डबा खाऊन खुर्चीवरून उठले की पुन्हा तीच कळ, आणि संध्याकाळी मात्र कळ नसून बोथट ठणका असायचा. विश्रांतीनंतरचे पहिले पाऊल सर्वांत वाईट आणि थोडे चालल्यावर आराम, हा क्रम महिनाभर बदलला नाही. पुढे कळले की निदानात सर्वाधिक वजन याच क्रमाला असते.

या दुखण्यातून बाहेर पडायला डिसेंबर उजाडला. उपचार सहन करणे फारसे अवघड नव्हते. कोणता उपचार कोणत्या टप्प्यावर घ्यायचा हे ठरवणे मात्र अवघड होते, कारण भेटेल तो माणूस वेगळे सांगत होता. मी डॉक्टर नाही, पण विज्ञान शिकवत असल्यामुळे मूळ शोधनिबंध वाचायची सवय आहे. जे अनुभवले आणि जे वाचले ते दोन्ही इथे क्रमाने लिहिते.

मार्चमध्ये प्रथम आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पाच दिवसांच्या वेदनाशामक गोळ्या दिल्या, युरिक ॲसिड, साखर आणि व्हिटॅमिन डी तपासायला सांगितले आणि टाचेचा एक्स-रे काढायला पाठवले. एक्स-रेचे ३५० रुपये झाले आणि रक्ततपासणीचे सुमारे दीड हजार. युरिक ॲसिड आणि साखर व्यवस्थित होती. व्हिटॅमिन डी कमी होते, त्याच्या गोळ्या मी पूर्ण केल्या, टाचेला त्याने काही फरक पडला नाही. एक्स-रेमध्ये टाचेच्या हाडाला पुढच्या बाजूने छोटे टोक आलेले दिसत होते. झाले, घरीदारी सगळ्यांना निदान मिळाले. सासूबाईंपासून स्टाफरूममधल्या सहकाऱ्यांपर्यंत प्रत्येकाने सांगितले, ‘हाड वाढलंय.’

असे टोक टाच कधीही न दुखलेल्या अनेक माणसांच्या एक्स-रेतही सापडते, आणि टाच दुखणाऱ्या कित्येकांच्या एक्स-रेत ते नसते. ते पायात टोचत नसते. बहुतेकदा ते टाचेपासून बोटांपर्यंत जाणाऱ्या तळव्यातील पट्ट्यात नसून त्याच्या वरच्या थरातील, बोटे वाकवणाऱ्या छोट्या स्नायूच्या मुळाशी असते. म्हणून टोक घासून काढल्याने दुखणे जाईल, असे गृहीत धरता येत नाही. गोळ्या संपल्यावर कळ पूर्ववत झाली, तेव्हा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी अस्थिरोगतज्ज्ञांची वेळ घेतली. फी ७०० रुपये होती आणि वेळ घेऊनही दोन तास बसावे लागले. जाताना रोज वापरातल्या चपला घालून जावे, कारण डॉक्टर त्या उलट्या करून कोणती बाजू झिजली आहे ते पाहतात.

तपासणी वीसेक मिनिटे चालली आणि एक्स-रेकडे त्यांनी अगदी शेवटी पाहिले. मला पालथे झोपवून त्यांनी एका हाताने पायाचा अंगठा वर, नडगीच्या दिशेने ओढून धरला. तळव्याच्या आतल्या बाजूला कातडीखाली एक ताठ दोर उठून दिसू लागला. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तो दोर चाचपत ते टाचेपर्यंत आले आणि टाचेच्या हाडाच्या आतल्या उंचवट्यावर दाबले. मी पाय ओढून घेतला. ‘मॅडम, हीच जागा ना?’ एवढेच त्यांनी विचारले.

तो दोर म्हणजे प्लांटर फॅशिया. टाचेच्या हाडाच्या तळाशी, आतल्या बाजूच्या उंचवट्यावरून निघणारा हा चिवट, तंतुमय पट्टा तळव्यातून पुढे जाताना पसरतो, त्याचे पाच भाग होतात आणि ते पाचही बोटांच्या मुळाशी जाऊन चिकटतात. पट्टा रबरासारखा ताणला जात नाही, तो जवळजवळ न लांबणारा आहे, आणि त्याचे काम समजायला विहिरीवरचा रहाट डोळ्यांपुढे आणावा. चालताना टाच उचलली जाते तेव्हा बोटे जमिनीवर राहून मागे वाकतात, दोर बोटांच्या सांध्याभोवती गुंडाळला जातो, टाच आणि बोटे यांच्यातले अंतर कमी होते आणि तळव्याची कमान वर उचलली जाऊन पाऊल ताठ होते. ब्रिटिश संशोधक जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये ही यंत्रणा मांडली. म्हणजे प्रत्येक पावलाला हा दोर ओढला जातो आणि ती ओढ जिथे दोर हाडाला बांधलेला आहे तिथे पोहोचते.

मग डॉक्टरांनी मला भिंतीसमोर उभे केले. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि पाऊल हळूहळू मागे नेत कितपत अंतरापर्यंत गुडघा टेकतो ते पाहायचे. उजवा पाय डाव्यापेक्षा जवळजवळ तीन सेंटिमीटर आधीच थांबला. पोटरी आखडलेली असली की घोटा पुरेसा पुढे वाकत नाही, टाच लवकर उचलली जाते आणि दोरावरचा भार वाढतो. २००३ मधील एका अमेरिकी अभ्यासात घोट्याचे हे आखडलेपण सर्वांत मोठा धोका ठरले होते. त्याखालोखाल स्थूलता आणि दिवसाचा बहुतेक वेळ उभे राहून करायचे काम. वजनाच्या बाबतीत मी काठावर होते, बाकीच्या दोन्ही गोष्टी मला लागू होत्या.

टाच दुखते म्हणजे दरवेळी फॅशियाच दुखतो असे नाही, आणि उरलेली तपासणी त्यासाठीच होती. त्यांनी दोन्ही तळहातांनी टाच दोन्ही बाजूंनी दाबली. हाडाला बारीक तडा गेला असता तर या दाबाने जोरात दुखले असते, आणि तशा दुखण्यात चालल्याने आराम पडण्याऐवजी त्रास वाढत जातो. असा तडा पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत दिसेलच असे नाही. आतल्या घोट्यामागे त्यांनी बोटाने टकटक केले. तिथून जाणारी नस आवळली गेली असती तर तळव्यात मुंग्या आल्या असत्या. त्याच नसेची एक छोटी फांदी टाचेच्या आतल्या बाजूने खाली जाते. ती दाबली गेल्यास दुखण्याची जागा जवळपास हीच असते, पण दुखणे जळजळीचे असते, सकाळच्या पहिल्या पावलाशी त्याचा विशेष संबंध नसतो, आणि करंगळी बाहेरच्या बाजूला फाकवणे जड जाते. टाचेच्या बरोबर मध्यभागी दाबून त्यांनी तिथली चरबीची गादी पाहिली. ती झिजलेली असेल तर कठीण जमिनीवर मधोमध दुखते, आणि त्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन दिल्यास ती आणखी पातळ होऊ शकते. शेवटी पाय सरळ वर उचलून आणि घोट्यामागे हातोडी मारून कमरेतील नस तपासली.

एका प्रश्नावर ते थोडे जास्त थांबले. मार्चमध्ये काही दिवस डावी टाचही दुखली होती. बहुधा लंगडत चालल्यामुळे भार तिकडे गेला असावा, पण दोन्ही टाचा एकदम दुखतात तेव्हा संधिवाताच्या एका गटाचा विचार करावा लागतो. पहाटे कंबर दुखून जाग येते का, सकाळी पाठ अर्धा तासाहून अधिक आखडलेली असते का, डोळे लाल होऊन दुखले आहेत का, अंगावर किंवा डोक्यात सोरायसिसचे चट्टे आहेत का, असे त्यांनी एकेक करून विचारले. सगळ्याला उत्तर नाही असे होते. शरीरातली सूज दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी या दोन रक्ततपासण्या त्यांनी करून घेतल्या, दोन्ही व्यवस्थित आल्या. याच संधिवाताशी संबंधित एचएलए-बी२७ ही महाग जनुकीय तपासणी मीच विचारली, कारण आंतरजालावर तिच्याबद्दल वाचले होते. ते म्हणाले की काही निरोगी माणसांतही ती सकारात्मक येते, लक्षणे नसताना केली तर हाती फक्त काळजी येईल. मला ते पटले. तरुण वयात दोन्ही टाचा आणि कंबर एकत्र दुखत असतील तर मात्र टाचेचे व्यायाम करत बसू नये, संधिवाततज्ज्ञांना दाखवावे. तसेच धावताना तळव्यात अचानक ‘कट्’ झाले आणि तिथे निळसर डाग पडला तर फॅशिया फाटलेला असू शकतो, आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांत टाच दुखणे बहुधा हाडाच्या वाढीच्या भागाशी संबंधित असते. ही दोन्ही दुखणी निराळी.

निदान हातानेच झाले होते, तरी पुढे इंजेक्शनचा विचार करावा लागला तर उपयोग होईल म्हणून सोनोग्राफी केली. तिचे १,२०० रुपये झाले. उजवा फॅशिया हाडापाशी ५.८ मिलिमीटर जाड होता, डावा ३.४. साधारणपणे चार मिलिमीटरच्या वर जाडी असली की ती विकृत मानतात.

सूज कमी करणाऱ्या गोळ्यांनी मार्चमध्ये काही साधले नव्हते. त्याचे कारण मला २००३ च्या एका शोधनिबंधात सापडले. शस्त्रक्रियेत काढलेले ५० रुग्णांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता सुजेच्या पेशी दिसल्या नाहीत. दिसले ते विस्कटलेले, झिजलेले तंतू. अर्थात शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचलेले रुग्ण जुने असतात, पहिल्या काही आठवड्यांत काय घडते ते त्यावरून सांगता येत नाही. पण महिनोन्‌महिने दुखणाऱ्या टाचेत प्रश्न मुख्यतः झिजलेल्या दोराचा असेल, तर त्याला योग्य प्रमाणात ताण देऊन पुन्हा घडवणे हाच पाया असणार, हे पटले.

एप्रिलमध्ये फिजिओथेरपिस्टने शिकवलेला मुख्य व्यायाम असा. पलंगावरून खाली पाय टाकण्यापूर्वीच काठावर बसायचे, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, बोटांच्या मुळाशी धरून सगळी बोटे नडगीकडे ओढायची आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळव्यातला दोर खरोखर ताठ झाला आहे का ते चाचपून पाहायचे. हे चाचपणे महत्त्वाचे आहे, कारण नुसती बोटांची टोके ओढली तर दोर सैलच राहतो. दहा सेकंद धरायचे, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. त्यातली पहिली खेप पहिल्या पावलाच्या आधी झालीच पाहिजे. दुपारी स्टाफरूममध्ये खुर्चीवरून उठण्यापूर्वी मी दुसरी करत असे. सोबत भिंतीला हात टेकून पोटरी ताणण्याचा नेहमीचा व्यायाम होता.

हा क्रम डिजियोव्हानी आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या चाचणीतून आला आहे. दहा महिन्यांहून जास्त काळ टाच दुखत असलेल्या १०१ रुग्णांपैकी काहींना फॅशिया ताणण्याचा आणि काहींना फक्त पोटरी ताणण्याचा व्यायाम दिला होता. आठ आठवड्यांनी फॅशिया ताणणाऱ्यांची पहिल्या पावलाची कळ अधिक उतरली होती. त्यानंतर सगळ्यांनाच तो व्यायाम दिला गेला आणि दोन वर्षांनी दोन्ही गट सारखेच बरे होते. व्यायाम फुकट आहे आणि त्यात धोका नाही, म्हणून सुरुवात इथूनच व्हावी. मात्र पंधरा दिवसांत गुण येईल या अपेक्षेने तो करू नये.

घरात अनवाणी चालणे बंद केले. स्वयंपाकघरासाठी वेगळी एमसीआर चप्पल घेतली आणि बाहेरच्या बुटात सिलिकॉनचे हील पॅड घातले, मिळून बाराशे रुपये. महाविद्यालयात प्राचार्यांकडे अर्ज करून पर्यवेक्षणाच्या वेळी बसण्याची सवलत मागितली. पहिला अर्ज परत आला, कारण जोडलेल्या प्रमाणपत्रावर सवलत किती काळासाठी हवी ते लिहिलेले नव्हते. प्रमाणपत्र घेतानाच त्यावर निदान, कालावधी, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का या चारही गोष्टी आहेत ना, ते दवाखान्यातच पाहून घ्यावे.

दुखणे मोजायला मी साधी पद्धत ठेवली होती. दर रविवारी सकाळच्या पहिल्या पावलाला शून्य ते दहापैकी एक आकडा द्यायचा आणि तो कॅलेंडरवर लिहायचा. एप्रिलच्या सुरुवातीला तो आठ होता, महिनाअखेरीस सहा-सात. मेच्या तिसऱ्या आठवड्यात सांगलीला भाच्याचे लग्न होते, घरचेच कार्य, आणि दोन दिवस उभे राहणे टळणार नव्हते. तेव्हा मी डॉक्टरांना इंजेक्शनबद्दल विचारले.

त्यांनी उत्तर स्पष्ट दिले. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने साधारण महिनाभर आराम पडेल, त्यानंतर इंजेक्शन घेतलेले आणि न घेतलेले यांच्यात फरक राहणार नाही. मागाहून मी मॅकमिलन यांची २०१२ ची चाचणी वाचली, तीही हेच सांगते. ८२ रुग्णांपैकी अर्ध्यांना सोनोग्राफीत पाहून स्टिरॉइड दिले, अर्ध्यांना सलाइन. चार आठवड्यांनी स्टिरॉइडवाल्यांचे दुखणे कमी होते. आठ आणि बारा आठवड्यांनी तो फरक उरला नव्हता. गंमत म्हणजे फॅशियाची जाडी मात्र बाराव्या आठवड्यातही कमीच होती. जाडी आणि दुखणे हातात हात घालून चालत नाहीत. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१७ च्या कॉक्रेन आढाव्याचा निष्कर्षही यापेक्षा वेगळा नाही: महिनाभरापर्यंत थोडा फायदा, पुढे नाही, आणि पुराव्याचा दर्जा कमी. धोके दोन महत्त्वाचे. फॅशिया फाटण्याची शक्यता कमी असली तरी ती खरी आहे, आणि फाटला तर कमान खचून नवीनच दुखणी सुरू होऊ शकतात. दुसरा धोका टाचेची गादी पातळ होण्याचा, आणि गेलेली गादी परत आणता येत नाही. म्हणून वारंवार इंजेक्शने घेणे शहाणपणाचे नाही.

मला नेमका महिनाभराचाच आराम हवा होता, त्यामुळे हा सौदा समजून-उमजून केला. मेच्या पहिल्या आठवड्यात सोनोग्राफीत पाहून, तळव्यातून नव्हे तर टाचेच्या आतल्या बाजूने सुई घातली. संमतिपत्रावर सही घेतली गेली आणि ३,००० रुपये घेतले. मधुमेह आहे का, हे डॉक्टरांनी दोनदा विचारले, कारण या इंजेक्शनने काही दिवस साखर वाढू शकते. मधुमेह असेल तर ते आपण होऊन सांगावे आणि त्या आठवड्यात साखर तपासत राहावी. पहिले दोन दिवस टाच जास्तच ठणकली, तिसऱ्या दिवसापासून उतार पडला. दोन आठवडे जिने, चढण आणि उड्या वर्ज्य होत्या. दुखत नाही म्हणून माणूस जास्त चालतो आणि फाटण्याचा धोका तेव्हाच असतो. लग्न व्यवस्थित पार पडले. रविवारचा आकडा दोनवर आला होता. जून निम्मा सरला तोवर तो पाचवर परतला होता, जुलैत सहावर.

जुलैमध्ये फिजिओथेरपिस्टने व्यायामात भाराची भर घातली. पायरीच्या काठावर चवड्यांवर उभे राहायचे, बोटांखाली टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवायची, म्हणजे बोटे वर वाकलेली राहतात आणि दोर आधीच ताठ होतो. मग तीन सेकंदांत टाचा वर, दोन सेकंद थांबायचे, तीन सेकंदांत खाली. हे एक दिवसाआड, जेमतेम बारा वेळा जमेल इतक्या भाराने, तीन फेऱ्या. पुढे भार वाढवत संख्या कमी करायची. डेन्मार्कमधील रॅथलेफ यांच्या ४८ रुग्णांच्या चाचणीत हा व्यायाम तीन महिन्यांनी नुसत्या ताणण्यापेक्षा सरस ठरला, पण वर्षअखेरीस दोन्ही गट सारखेच होते. मला एका पायावर टाच उचलणे सुरुवातीला जमेना, म्हणून दोन्ही पायांवर आरंभ केला आणि नंतर पाठीवरच्या सॅकमध्ये पुस्तके भरून भार वाढवला. व्यायाम करताना थोडे दुखले तर चालते. दुसऱ्या दिवशी सकाळचे पहिले पाऊल नेहमीपेक्षा जास्त दुखले तर भार जास्त झाला असे धरून तो कमी करायचा. ऑगस्टअखेर आकडा चारवर आला आणि तिथेच अडकला.

शॉकवेव्ह, म्हणजे यंत्राने दुखऱ्या जागेवर धक्क्यांचा मारा करण्याचा उपचार, मला मार्चमध्येच एकाने सुचवला होता. तेव्हा तो घेतला नाही याचे मला समाधान आहे, कारण रोम्पे यांच्या २०१० च्या चाचणीत सहा आठवड्यांपेक्षा कमी जुन्या दुखण्यात फॅशिया ताणण्याचा व्यायाम शॉकवेव्हपेक्षा स्पष्टपणे सरस ठरला होता. सप्टेंबरमध्ये परिस्थिती वेगळी होती. दुखणे सहा महिन्यांहून जुने झाले होते, व्यायाम नियमित चालू होते आणि इंजेक्शन होऊन चार महिने उलटले होते.

जुन्या दुखण्याबाबतचा पुरावा एकमुखी नाही. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातील आणि २००३ मध्ये जर्मनीतील मोठ्या चाचण्यांत खरे आणि खोटे उपचार सारखेच ठरले. जर्मन चाचणीत टाच आधी बधिर केली होती, आणि बधिर केल्याने परिणाम घटतो असे नंतरच्या अभ्यासात दिसले. त्यानंतर, बधिर न करता, रुग्णाला जिथे सर्वांत दुखते तिथेच मारा करून घेतलेल्या चाचण्या अनुकूल आल्या. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २४५ रुग्णांच्या चाचणीत बारा आठवड्यांनी खरा उपचार घेतलेल्यांपैकी ६१ टक्के यशस्वी ठरले, पण खोटे यंत्र लावलेल्यांपैकीही ४२ टक्के. हा दुसरा आकडा जाहिरातीत कधी नसतो. त्याचा अर्थ असा की शंभर जणांवर उपचार केले तर साठेकांना बरे वाटेल, पण त्यातल्या चाळीसेकांना ते तसेही वाटले असते. यंत्राचे खरे श्रेय उरलेल्या वीसेकांपुरते. व्यायामाने चारवर अडकलेल्या मला ही शक्यता पैसे घालण्याइतकी वाटली.

साताऱ्यात मला सोयीची वेळ मिळेना, म्हणून पुण्यातील एका क्रीडावैद्यक दवाखान्यात नाव नोंदवले. तपासणीचे ८०० आणि दर सत्राचे २,००० रुपये, एकेका आठवड्याच्या अंतराने तीन सत्रे. सकाळच्या एसटीने स्वारगेट, तिथून रिक्षा, आणि दुपारच्या गाडीने परत. सुरू करण्यापूर्वी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण, पेसमेकर, पायात गाठ किंवा जंतुसंसर्ग यांबद्दल विचारले गेले. मधल्या काळात वेदनाशामक गोळ्या न घेण्याची सूचना होती.

यंत्र ‘रेडियल’ प्रकारचे होते. त्याच्या दांड्यात दाबाखालच्या हवेने एक छोटा धातूचा तुकडा पुढे आदळतो आणि तो धक्का जेलमधून कातडीखाली जातो. थेरपिस्ट आधी अंगठ्याने जागा शोधत होती आणि मी ‘इथे’ म्हटल्यावर तिथे पेनने खूण करत होती. सुरुवात कमी दाबाने झाली, पहिल्या काहीशे धक्क्यांनंतर दाब हळूहळू वाढवला. एकूण २,००० धक्के, सुमारे पाच-सहा मिनिटे. दुखते, हे स्पष्ट सांगते, पण पहिल्या मिनिटानंतर जागा काहीशी सरावते. खूण केलेल्या जागेपासून दांडा सरकला की दुखणे एकदम कमी व्हायचे, आणि तसे झाले की मी लगेच सांगत असे, कारण दुखऱ्या जागेवरून हललेला मारा वाया जातो. संध्याकाळपर्यंत टाच जड आणि ठणकती राहायची. सत्राच्या दुसऱ्या दिवशी भाराचा व्यायाम बंद, ताणण्याचा चालू. तीनही सोमवारांसाठी मी किरकोळ रजा टाकली.

तिसऱ्या सत्रानंतर आकडा चारच होता. दवाखान्यातून आधीच सांगितले होते की निकाल बारा आठवड्यांनी पाहायचा, त्यामुळे चौथ्या सत्राचा विचार केला नाही. नोव्हेंबरमध्ये दिवाळीच्या सुमारास तो दोनवर आला आणि डिसेंबरच्या मध्यापासून शून्य आणि एक यांच्या दरम्यान राहिला. जानेवारीत अजिंक्यताऱ्यावर हळूहळू चढून आले, दुसऱ्या दिवशी सकाळी दीड-दोन एवढेच जाणवले. सोनोग्राफी पुन्हा केली नाही. जाडीवर उपचार करायचे नव्हते आणि त्या आकड्याने कोणताही निर्णय बदलणार नव्हता.

गुण शॉकवेव्हने आला, जुलैपासूनच्या व्यायामाने आला, की दहा महिन्यांत तो आपोआपच आला असता, हे एका माणसाच्या अनुभवावरून सांगता येत नाही. बऱ्याच जणांना वर्षभरात आराम पडतो, काहींचे दुखणे मात्र वर्षानुवर्षे रेंगाळते. मी भाराचा व्यायाम आठवड्यातून दोनदा चालू ठेवला आहे आणि भिंतीच्या चाचणीत उजवा पाय आता डाव्याच्या एक सेंटिमीटर मागे आहे.

एकूण खर्च अठरा-एकोणीस हजारांच्या घरात गेला. विम्याचा दावा मी ऑक्टोबरमध्ये केला होता. पाच आठवड्यांनी उत्तर आले की रुग्णालयात दाखल न होता घेतलेले उपचार पॉलिसीत बसत नाहीत आणि शॉकवेव्ह ‘डे-केअर’ उपचारांच्या यादीत नाही. ही यादी पॉलिसीच्या कागदपत्रांच्या शेवटी जोडलेली असते, उपचार सुरू करण्यापूर्वी ती पाहावी. काही पॉलिसींत बाह्यरुग्ण खर्चाची छोटी वार्षिक मर्यादा असते. ती असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी, प्रत्येक सत्राची तारखेसह वेगळी पावती आणि सोनोग्राफीचा अहवाल मूळ प्रतीत लागतो. पुण्याच्या दवाखान्याने मला तीन सत्रांची मिळून एकच पावती दिली होती, ती नंतर तोडून घ्यायला आणखी एक फेरी पडली.